कोल्हापूरचा आलेख आणि राधानगरीचे धरण



शाळेच्या भूगोलात हवामानाचा एक आलेख असतो. तळाशी बारा महिने, त्यांवर पावसाचे स्तंभ आणि वरून गेलेली तापमानाची रेषा. शाळा लवकर सुटल्यामुळे आम्ही तो फार उशिरा वाचायला शिकलो. पण राधानगरीच्या धरणाचा इतिहास आम्हांला कळला तो त्याच्यामुळेच.

प्रथम मापनपट्ट्या पाहाव्यात. बहुधा एका बाजूला तापमानाचे अंश असतात आणि दुसऱ्या बाजूला पावसाचे मिलिमीटर. आमची पहिली चूक येथेच झाली. स्तंभाची उंची आम्ही अंशांच्या पट्टीवर मोजली आणि जुलैचा पाऊस तीस मिलिमीटर ठरवला! खरा आकडा तीनशेच्या आसपास आहे. दुसरी चूक अशी की, रेषा स्तंभाला जेथे छेदते तेथे काही अर्थ शोधला. पट्टी बदलली की तो छेदबिंदूही सरकतो.

आता कोल्हापूरचा आलेख डावीकडून वाचू. जानेवारीपासून रेषा चढते आणि एप्रिलात सर्वांत उंच, २९ अंशांच्या आसपास जाते. तेव्हा स्तंभ जवळजवळ नाहीतच. जूनमध्ये स्तंभ उभे राहतात आणि रेषा खाली येते, कारण ढग ऊन अडवतात व ओली जमीन तापत नाही. ऑक्टोबरात आकाश मोकळे होताच रेषा पुन्हा किंचित वर जाते. वर्षाच्या सुमारे हजार मिलिमीटर पावसाचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो.

म्हणजे पाण्याची गरज सर्वांत मोठी असते तेव्हा आकाश कोरडे असते. पाऊस कमी नाही; तो वेळेवर नाही. मग पावसाळ्याचे पाणी उन्हाळ्यापर्यंत अडवून ठेवणे एवढाच मार्ग उरतो. शाहू महाराजांनी १९०९ च्या सुमारास भोगावतीवर राधानगरीचे काम सुरू केले, त्याचे कारण या रिकाम्या स्तंभांत दिसते. काम मध्यंतरी थांबले आणि स्वातंत्र्यानंतर पुरे झाले.

पण आलेखाची एक मर्यादा आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेने शहरातील वस्त्या बुडवल्या. त्या वेळी आम्ही कामगारांच्या घरांतून सामान काढत होतो आणि हा आलेख आठवत होता. त्यातला ऑगस्टचा स्तंभ जुलैपेक्षा ठेंगणा आहे! पण तो अनेक वर्षांच्या सरासरीचा असतो. चार दिवसांची झोड त्यात विरून जाते. शिवाय तो शहरातील पाऊस सांगतो, आणि नदीचे पाणी येते घाटमाथ्यावरून. तेथे गगनबावड्याला कोल्हापूरच्या कितीतरी पट पाऊस पडतो.

धरण का बांधले हे शहराचा आलेख सांगतो. पूर केव्हा येईल हे विचारायचे, तर घाटमाथ्याचा रोजचा पाऊसच पाहिला पाहिजे.