रक्त दिसत नाही, तरी हिमोग्लोबिन कमी का होतं?

मावळातल्या सुदुंबरे गावातला ५८ वर्षांचा एक भातशेतकरी डोळ्यांसमोर आणा. उदाहरण कल्पित आहे, पण असे रुग्ण डॉक्टरांना नेहमी भेटतात. चिखलणीच्या कामात त्याला पूर्वी कधी नव्हती अशी धाप लागू लागली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.४ निघालं. पुरुषांत ते किमान १३ आणि गरोदर नसलेल्या स्त्रियांत किमान १२ असायला हवं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, दीड महिन्यात हिमोग्लोबिन ११ वर गेलं, बरं वाटलं आणि गोळ्या बंद झाल्या. पाच महिन्यांनी पुन्हा तीच धाप आणि पुन्हा ८.६.

गोळ्यांनी लोह भरून निघालं, पण ते जातंय कुठे हे कुणी पाहिलंच नव्हतं.

थोड्या रक्तानं एवढा फरक पडतो?

पडतो. २ मिलीलिटर रक्तात साधारण १ मिलीग्रॅम लोह असतं. रोज १० मिलीलिटर, म्हणजे दोन चहाचे चमचे रक्त आतड्यात झिरपलं, तर ५ मिलीग्रॅम लोह गेलं. जेवणातून शरीर रोज जेमतेम १ ते २ मिलीग्रॅम शोषतं. म्हणजे दिवसाला ३ मिलीग्रॅमची तूट. शरीरातला साठा १००० मिलीग्रॅम धरला, तर तो वर्षभरात संपतो.

एवढं रक्त शौचात मिसळून जातं आणि डोळ्यांना दिसत नाही. शौच डांबरासारखं काळं व्हायला जठराच्या बाजूनं एका वेळी साधारण ५० मिलीलिटर किंवा जास्त रक्त जावं लागतं.

रक्त झिरपतं कुठून?

गुडघेदुखीसाठी दुकानातून आणून रोज घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांमुळे जठरात अल्सर होऊ शकतो. एच. पायलोरी नावाच्या जंतूमुळेही होतो. पोट दुखलं नाही म्हणजे अल्सर नाही, असं समजू नका. शेतात अनवाणी चालताना त्वचेतून शिरणारे आकडेकृमी आतड्याला चिकटून रक्त पितात.

मोठ्या आतड्यातले कोंब किंवा कर्करोगाची गाठ हे कारण मात्र चुकवून चालत नाही. आतड्याच्या उजव्या भागात पोकळी रुंद आणि मळ पातळ असतो. तिथली गाठ मोठी होईपर्यंत अडथळा करत नाही, फक्त रक्त गाळत राहते. अशा वेळी थकवा हेच पहिलं लक्षण असू शकतं.

मूळव्याध आहे, मग शोध कशाला?

आपल्या शेतकऱ्यालाही जुनी मूळव्याध होती आणि घरच्यांनी तिलाच दोष दिला. मूळव्याधीचं रक्त लालभडक असतं आणि शौचावर किंवा भांड्यात दिसतं. ते बरेच दिवस भरपूर गेलं तर लोह कमी होऊ शकतं. पण मूळव्याध आणि गाठ एकाच माणसात असू शकतात. म्हणून आतडं पाहिल्याशिवाय सगळा दोष मूळव्याधीला देऊ नये.

तपासणी कशी होते?

आधी फेरिटिन ही रक्तचाचणी करतात. ती लोहाचा साठा दाखवते. आपल्या शेतकऱ्याचं फेरिटिन ६ आलं. ३० च्या खाली असेल तर लोहाची कमतरता जवळजवळ नक्की असते. मात्र अंगात सूज किंवा संसर्ग असेल तर हा आकडा फसवा वाढतो.

पुरुष आणि पाळी बंद झालेल्या स्त्रियांत अशी कमतरता आढळली, तर घशातून जठराची आणि गुदमार्गातून मोठ्या आतड्याची, अशा दोन्ही दुर्बीण तपासण्या सहसा करतात. पाळी सुरू असलेल्या स्त्रियांत जास्त रक्तस्राव हे मोठं कारण असतं, त्यामुळे निर्णय वय, लक्षणं आणि घरातला कर्करोगाचा इतिहास पाहून होतो. शौचातलं लपलेलं रक्त शोधणारी चाचणी निगेटिव्ह आली तरी दुर्बीण टाळू नये, कारण रक्त रोज सारखं झिरपत नाही.

मोठ्या आतड्याच्या तपासणीआधी जुलाबाचं औषध घेऊन पोट पूर्ण साफ करावं लागतं. लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी थांबवायला सांगतात, कारण त्यांनी शौच काळं, चिकट होतं. रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.

आपल्या शेतकऱ्याच्या जठरात छोटा अल्सर सापडला. डॉक्टर तिथेच थांबले नाहीत. दुसऱ्या दुर्बिणीत मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला गाठ दिसली. ती अजून पसरलेली नव्हती, म्हणून शस्त्रक्रियेनं पूर्ण काढता आली. पहिल्याच वेळी शोध घेतला असता, तर ती सात-आठ महिने आधी सापडली असती.

लगेच कधी जायचं?

डांबरासारखं काळं शौच, रक्ताची उलटी, चक्कर किंवा छातीत दुखणं असेल तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. एरवी हिमोग्लोबिन कमी आलं आणि गोळ्या सुरू झाल्या, तर डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: लोह कमी का झालं?