ऋद्धिपूरचे अदृश्य नगर

नगराच्या पोटात दुसरे नगर आहे, तेथे अद्भुत शक्तीची माणसे वावरतात, आणि वरच्या गर्दीतील कोणासही त्याचा पत्ता नाही, ही कल्पना फार जुनी आहे. आमच्याकडील आजीबाईंच्या गोष्टींत ती पाताळनगरी म्हणून येते. अलीकडच्या इंग्रजी कादंबरीकारांनी तिला लंडनच्या भुयारांत नेऊन बसविले आहे. मात्र अशा प्रत्येक कथेच्या कर्त्यास एका प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागते. हजारो माणसे रोज त्या नगरावरून चालतात, तरी त्यांस ते दिसत कसे नाही? कोणी डोळ्यांत घालावयाच्या अंजनाचा आधार घेतो, तर कोणी मंत्राचा. उत्तर पटले तर कथा उभी राहते, न पटले तर ती पोरखेळ ठरते.

वऱ्हाडच्या माणसास या प्रश्नाचे उत्तर कादंबरीत धुंडाळावयास नको. चांदूर बाजाराहून पूर्वेस मोर्शीच्या अंगाने निघाले की वाटेत ऋद्धिपूर लागते. प्रवासी मोटारीतून डोकावतो, तेव्हा त्यास चार घरे, दुकाने, काही मठ आणि मधूनमधून चुन्याने पांढरे केलेले ओटे दिसतात. चांदुरास बाजारासाठी ये-जा करणारी किती माणसे त्या ओट्यांजवळून गेली असतील! परंतु महानुभाव पंथाच्या माणसास त्याच जागी दुसरे एक गाव दिसते. त्या गावाचे नाव परमेश्वरपूर. ते सातशे वर्षांपूर्वीचे आहे, त्यातील प्रत्येक पाऊलवाट नोंदलेली आहे, आणि परमेश्वर स्वतः तेथे चालला, बसला, जेवला, निजला अशी त्याची श्रद्धा आहे. एकाच भूमीवर दोन गावे नांदत आहेत. त्यांपैकी एक कोणास दिसावे आणि कोणास दिसू नये, याचे नियम ठरलेले आहेत. त्या नियमांचाच विचार येथे करावयाचा आहे.

पहिला नियम एका बाजारातील प्रसंगावरून चांगला कळतो. तेराव्या शतकात ऋद्धिपुरास गुंडम राऊळ नावाचे एक पुरुष राहत असत. पंथ त्यांस श्रीगोविंदप्रभू म्हणतो. जन्म जवळच्याच काटसुरे गावचा. लहानपणीच आईबाप गेले आणि नातलगांनी त्यांस ऋद्धिपुरास आणून वाढविले. पुढे त्यांची वागणूक लोकांस चमत्कारिक वाटू लागली. ते स्वतःशीच बोलत, मुलांसारखे खेळत, वाटेल त्याच्या घरात शिरून वाटेल ते खात. त्यात ब्राह्मणाचे घर आणि मातंगाचे घर असा भेद नसे. गावाने त्यांस वेडे ठरविले. गाव त्यांच्यावर माया करी आणि कंटाळतही असे. अशात गुजरातेतून रामटेकच्या यात्रेस म्हणून निघालेला एक राजबिंडा तरुण ऋद्धिपुरास आला. तयार खाद्यपदार्थ विकले जात त्या हाटात राऊळ शेंगोळे खात उभे होते. त्यांनी त्यातले एक त्या तरुणास दिले. त्याने ते प्रसाद म्हणून घेतले आणि त्याच्या ठायी ज्ञानशक्ती प्रकट झाली. हा तरुण म्हणजेच पुढे श्रीचक्रधर.

हाटात गर्दी होती. विकणारे, घेणारे, भाव करणारे असे सारे लोक तेथे होते. त्या सर्वांनी जे पाहिले ते असे: एका वेड्याने एका परक्यास खाऊ दिला. त्यांच्या डोळ्यांत काही दोष नव्हता, आणि त्यांच्यापासून काही लपविलेही नव्हते. पंथाचे तत्त्वज्ञान याची उपपत्ती अशी देते की परमेश्वर भूतलावर येतो तेव्हा मायेचे पूर स्वीकारतो. पूर म्हणजे देह, आणि पूर म्हणजे नगरही. ते पूर इतरांच्या देहासारखेच दिसते, आणि जीव अनादि अविद्येने वेढलेला असल्यामुळे त्याची दृष्टी वरच्या रूपावरच थांबते. आतले ओळखावयाचे तर परमेश्वरानेच ज्ञान द्यावे लागते. या नियमाची खुबी आम्हांस अशी वाटते की यात पडदा कोठेच नाही. वस्तू जितकी सामान्य, तितकी ती अदृश्य. सिंहासनावर बसलेल्या देवास सर्वांनी ओळखले असते. शेंगोळे खाणाऱ्या देवास एकानेच ओळखले.

दुसरा नियम स्थळांचा आहे. परमेश्वराचा ज्या वस्तूशी संबंध आला ती वस्तू पवित्र झाली, असे पंथ मानतो; म्हणून स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक ही त्याची चार आराध्ये. यांतील स्थानांची मोजदाद विलक्षण बारकाईने केलेली आहे. जेथे अवतार बराच काळ राहिले ते अवस्थान, रात्र काढली ते वसतिस्थान, क्षणभर टेकले ते आसन, भोजन केले ते आरोगणेचे स्थान. इतकेच काय, लघुशंकेस बसले ती जागाही परिश्रय म्हणून नोंदलेली आहे. एरवी तीर्थ म्हटले की नदीचा संगम, डोंगराचे शिखर, देवळाचा कळस डोळ्यांपुढे येतो. येथे उंबरठा, भिंतीची कड, अंगण, विहिरीचा काठ हीच तीर्थे आहेत. ज्यास स्थान म्हणावे कशास हेच ठाऊक नाही, त्यास ओटा दिसला तरी स्थान दिसत नाही.

ही नोंद ज्या ग्रंथांत आहे त्यांस स्थानपोथी म्हणतात, आणि मुनिव्यास कोठी यांचे नाव परंपरेने तिच्याशी जोडले जाते. तिची रीत एखाद्या मोजणीदारासारखी आहे. आधी एखाद्या देवळाचे किंवा मठाचे नाव येते, मग त्याचे दार कोणत्या दिशेस आहे ते सांगितले जाते, आणि मग चौकात अमुक बाजूस आसन, बाहेर अमुक दिशेस परिश्रय, असे एकास दुसरे बांधून घेत पोथी पुढे सरकते. समजा, एक देऊळ पूर्वाभिमुख आहे आणि त्याच्या चौकाच्या दक्षिण भागात आसन सांगितले आहे. देऊळ जागेवर आहे तोवर जागा चुकावयाची नाही. परंतु देऊळ पडले, नवे बांधताना दार उत्तरेस केले, चौकावर कोणाचे घर चढले, की ओळीतील पुढची सारीच स्थाने डळमळतात, कारण प्रत्येक स्थान मागच्या स्थानाच्या आधाराने उभे असते. अशा वेळी लीळा उपयोगी पडते. पोथी कोठे ते सांगते, लीळा काय घडले ते सांगते. लीळेत एखादी गोष्ट अंगणात घडलेली असेल आणि आजचा ओटा देवळाच्या मागे दाखविला जात असेल, तर ओटा सरकला आहे असा संशय घ्यावयास जागा होते. दोन्ही जुळले तरच सात शतकांपूर्वीचे गाव आजच्या गावातून वर येते. पैठण, नाशिक यांसारख्या गजबजलेल्या शहरांतील स्थानांस हीच कसोटी लागू आहे. तेथे तर गर्दी अधिक, म्हणून चुकण्याचा संभवही अधिक.

या पंथाच्या मनात स्थळाचे महत्त्व किती, हे त्याच्या काव्यांवरूनही दिसेल. महानुभावांचे सात काव्यग्रंथ साती ग्रंथ म्हणून प्रसिद्ध आहेत. त्यांतील दोन स्थळांचीच वर्णने आहेत: रवळोबासांचे सह्याद्रिवर्णन आणि नारायण व्यास बहाळिये यांचे ऋद्धिपूरवर्णन.

तिसरा नियम लिपीचा, आणि तो माणसांनी हेतुपूर्वक केलेला आहे. चक्रधरांच्या प्रयाणानंतर नागदेवाचार्य आणि इतर अनुयायी ऋद्धिपुरास गोविंदप्रभूंच्या सेवेस राहिले. तेथे म्हाइंभटांनी ज्याने जे पाहिले त्याच्याकडून ते विचारून लीळाचरित्र सिद्ध केले. गोविंदप्रभूंच्या निर्वाणानंतर त्यांचेही चरित्र लिहिले. मराठीतील पहिले मोठे गद्य ते हेच. पुढे मुसलमानी स्वाऱ्यांच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत गेली आणि अनुयायांनी आठवणीतून ग्रंथ पुन्हा उभा केला. म्हणून त्याचे निरनिराळे पाठ झाले. चौदाव्या शतकापासून हे ग्रंथ सांकेतिक लिपींत लिहिले जाऊ लागले. त्यांतील मुख्य सकळ लिपी. तिचे कर्तृत्व रवळोबासांकडे दिले जाते. तिची युक्ती साधीच होती. एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर घालावयाचे. भाषा मराठीच, पण संकेत ठाऊक नसणाऱ्याच्या हाती पोथी पडली तर त्यास निरर्थक अक्षरांची रांगच दिसे. पंथाचे भिक्षू पंजाबात आणि पेशावराकडे गेले, तेथेही याच पोथ्या मराठीतच जपल्या गेल्या.

या तिन्ही नियमांनी नगर सुरक्षित राहिले; परंतु त्याची किंमतही चुकवावी लागली, आणि आमच्या मते खरा विचार करण्याजोगी गोष्ट हीच आहे. जे दिसत नाही त्याविषयी लोक स्वस्थ बसत नाहीत, वाटेल ते कल्पितात. काळी वस्त्रे, मूर्तिपूजेविषयीची उदासीनता, जातिभेदाविषयीची बेपर्वाई आणि वर न वाचता येणाऱ्या पोथ्या, एवढ्या भांडवलावर महानुभावांविषयी नाना प्रवाद उठले. 'करणी कसायाची, बोलणी मानभावाची' ही म्हण आणि ढोंगीपणा या अर्थी रुळलेला 'मानभावीपणा' हा शब्द आजही आपल्या तोंडी आहेत. तो उच्चारणाऱ्या किती जणांस ठाऊक असते की आपण एका जिवंत पंथाचे नाव शिवीसारखे वापरीत आहोत?

1910 च्या सुमारास राजवाडे आणि भावे यांनी सकळ लिपीचे कुलूप उघडले. त्यास पंथातील महंतांचेही साहाय्य झाले. 1925 साली यवतमाळच्या य. खु. देशपांडे यांनी या वाङ्मयाचा परिचय करून दिला, ह. ना. नेने यांनी लीळाचरित्र छापावयास घेतले, आणि डॉ. वि. भि. कोलते यांनी या शोधास आपले आयुष्य वाहिले. तेव्हा महाराष्ट्रास उमगले की आपल्या भाषेच्या आरंभीचे लखलखीत गद्य वऱ्हाडातील एका गावी जन्मले होते आणि सहाशे वर्षे आपल्या शेजारीच होते. तथापि सर्वांसच याचा निर्भेळ आनंद झाला असे नाही. कोलते यांच्या 1978 च्या लीळाचरित्रावर पंथातीलच काहींनी आक्षेप घेतले. श्रद्धेने जपलेली गोष्ट परक्याच्या मेजावर पाठभेद म्हणून मांडली गेली, तर तिला वेदना होणारच. अभ्यासकाची आणि उपासकाची ही ओढाताण खरी आहे; कोणा एकास मूर्ख ठरवून ती मिटावयाची नाही.

2024 साली ऋद्धिपुरास मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. लिपीचा नियम आता मोडला आहे. छापील पोथी कोणासही विकत घेता येते. पहिला नियम मात्र अबाधित आहे, कारण तो कोणी केलेलाच नव्हता. ऋद्धिपुरात पाण्यासाठी गाऱ्हाणे घालणाऱ्या मातंगांस गोविंदप्रभूंनी विहिरीची जागा दाखविली आणि तेथे पाणी लागले, अशी एक लीळा आहे. त्या जागेवरून गाव तोवर रोज चालत होते. पाणी तेव्हाही खालीच होते.