एका पेपरवरून बाकीचे महत्त्वाचे पेपर कसे शोधायचे?

सेमिनारसाठी विषय ब्लॉकचेन घेतला आणि गूगल स्कॉलरवर तो शब्द टाकला, तर हजारो पेपर समोर येतात. त्यातले कुठले वाचायचे? मी सर्चमध्ये डोकं घालत नाही. एक चांगला पेपर धरतो आणि तिथून आधी मागे, मग पुढे जातो. उदाहरण म्हणून सातोशी नाकामोतोचा 2008 चा बिटकॉइन पेपर घेऊ.

मागे जाणं: पेपरच्या शेवटी संदर्भांची यादी असते. इथे फक्त 8 संदर्भ आहेत, पण सगळे सारखे महत्त्वाचे नाहीत. प्रत्येक आकडा मजकुरात कुठे आलाय ते बघा. आठवा संदर्भ संभाव्यतेच्या पुस्तकाचा आहे, तो फक्त गणितापुरता. पण 8 पैकी 3 संदर्भ हेबर आणि स्टॉर्नेटा या जोडीचे आहेत आणि ते टाइमस्टॅम्पच्या भागात येतात. म्हणजे नोंदी एकमेकींना साखळीसारख्या जोडायच्या कल्पनेचं मूळ इथे सापडतं. त्यांचा 1991 चा पेपर आधी वाचा.

पुढे जाणं: मागे गेल्यावर फक्त जुनेच पेपर मिळतात. बिटकॉइनच्या दाव्यावर नंतर कोणी आक्षेप घेतला का, हे त्यातून कळणार नाही. त्यासाठी गूगल स्कॉलरवर पेपरखालच्या `Cited by` वर टॅप करा. ही यादी प्रचंड मोठी असते, म्हणून `Search within citing articles` वर टिक करून `selfish mining` शोधा. इयाल आणि सिरर यांचा `Majority is not enough` हा पेपर मिळेल. बहुमत प्रामाणिक असलं की पुरे, असं नाकामोतोचं म्हणणं होतं. या दोघांनी दाखवलं की अल्पसंख्य मायनरसुद्धा सापडलेले ब्लॉक लपवून ठेवून आपल्या वाट्यापेक्षा जास्त कमवू शकतात.

एक अडचण: लेखकाने ज्याचा उल्लेखच केला नाही, ते मागे जाऊन सापडत नाही. डिजिटल पैशांवर डेव्हिड चॉम यांनी 1980 च्या दशकातच काम केलं होतं, पण नाकामोतोच्या 8 संदर्भांत त्यांचं नाव नाही. उपाय सोपा आहे: पुढच्या यादीतून एखादा आढावा घेणारा पेपर निवडा आणि त्याच्या संदर्भांतून पुन्हा मागे जा. बोनो आणि सहकाऱ्यांचा 2015 चा आढावा घेतलात, तर चॉम लगेच भेटतात.

थांबायचं कधी? नवीन पेपर उघडल्यावर त्याच्या यादीतली महत्त्वाची नावं तुमच्याकडे आधीच असतील, तेव्हा. पण सगळी नावं एकाच गटाची दिसली तर थांबू नका. हे लोक एकमेकांचेच संदर्भ देत असू शकतात. अशा वेळी वेगळे शब्द वापरून आणखी एक सुरुवातीचा पेपर शोधा आणि तिथून पुन्हा मागे-पुढे जा.