आहारनोंदीचे विश्लेषण
रुग्णाने लिहिलेल्या आहारावरून त्याला मिळालेली ऊर्जा व पोषकद्रव्ये मोजण्याची पद्धत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यांत मुख्यतः कच्च्या पदार्थांची, दर १०० ग्रॅम खाद्य भागाची मूल्ये आहेत. त्यामुळे भाकरी, आमटी यांसारखे पदार्थ आधी कच्च्या जिन्नसांत मांडावे लागतात. आमटीसाठी घरातील एकूण डाळ व तेल मोजून रुग्णाच्या वाटीचा हिस्सा काढतात.

मुख्य चूक मापात होते. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ३३४ किलोकॅलरी असतात. ‘दोन भाकरी’ या नोंदीत प्रत्येकी ४० ग्रॅम पीठ धरल्यास २६७ किलोकॅलरी येतात. प्रत्यक्षात प्रत्येकी ७० ग्रॅम असल्यास ४६८. भाजलेल्या भाकरीचे वजन पिठाच्या मूल्याने गुणल्यास, त्यातील पाण्यामुळे आकडा उलट फुगतो.

म्हणून रुग्णाच्याच घरी भाकरीचे पीठ वजनकाट्यावर तोलतात, वाटी पाण्याने भरून मापतात. वजन स्थिर असताना नोंदीतील ऊर्जा विश्रांतीच्या गरजेपेक्षाही कमी भरली, तर नोंद अपुरी समजून पुन्हा विचारणा करतात. एका दिवसाच्या नोंदीवरून मात्र नेहमीचा आहार ठरवता येत नाही.