बोगदा खोदल्यावर डोंगर किती सरकतो? कान्हेच्या शेजारचं गणित आणि कॉशी-ऑयलर समीकरण

पुण्याहून लोकलनं लोणावळ्याकडे निघालात की कान्हेच्या पुढचं स्टेशन कामशेत. याच भागात मुंबई-पुणे एक्सप्रेसवे डोंगराच्या पोटातून जातो. आपण बोगद्यात शिरतो, मोबाईलची रेंज जाते, परत येते आणि विषय संपतो. पण इंजिनिअरला तिथे एक प्रश्न पडतो. डोंगराच्या पोटातला एवढा दगड काढून घेतल्यावर उरलेला डोंगर त्या पोकळीकडे किती सरकतो? आणि तो धक्का किती लांबपर्यंत जाणवतो?

बोगदा गोल आहे आणि दगडावर सगळ्या बाजूंनी सारखाच दाब आहे असं धरूया. केंद्रापासूनचं अंतर r आणि तिथला दगड खोदाईमुळे जितका सरकला ते u. दगडाच्या एका पातळ कड्यावरच्या बलांचा तोल मांडला की हे समीकरण मिळतं:

r²u″ + r u′ − u = 0

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला डिफरन्शियल इक्वेशन शिकलेल्यांना इथे अडचण दिसेल. नेहमीची e^(mx) वाली युक्ती चालत नाही, कारण u च्या आधी आकडे नाहीत, r आहे आणि तो जागेनुसार बदलतो.

पण नीट बघा. दुसऱ्या डेरिव्हेटिव्हसोबत r², पहिल्यासोबत r आणि नुसत्या u सोबत काहीच नाही. r च्या घाताचं एकदा डेरिव्हेटिव्ह घेतलं की घात एकनं कमी होतो, आणि शेजारचा r तो लगेच भरून काढतो. म्हणून u = r^m ठेवला तर प्रत्येक पदात r^m च उरतो आणि सगळ्यांतून तो काढून टाकता येतो. मागे राहतं ते दहावीतलं वर्गसमीकरण:

m(m − 1) + m − 1 = 0, म्हणजे m² = 1

m ची उत्तरं 1 आणि −1. म्हणून u = A r + B/r.

आता डोंगराला विचारायचं. A r हे पद अंतराबरोबर वाढतच जातं. म्हणजे कामशेतला बोगदा खोदला की लोणावळ्याचा दगड जास्त सरकेल! तसं होत नाही, म्हणून A = 0. उरलं B/r. बोगद्याच्या भिंतीपासून निघून केंद्रापासूनचं अंतर दुप्पट झालं की सरकणं निम्मं. दाबातला बदल त्याहून लवकर विरतो, तो 1/r² प्रमाणे घटतो.

आकडे घालून बघू. हे उदाहरणापुरते आहेत, कामशेतचे मोजलेले नाहीत. त्रिज्या 6 मीटर, वर 100 मीटर दगड, म्हणजे दाब साधारण 2.7 मेगापास्कल. दगडाची ताठरता E 20,000 मेगापास्कल आणि पॉइसन गुणोत्तर ν 0.25. भिंतीचं सरकणं p·a(1 + ν)/E या सूत्रानं येतं (p म्हणजे दाब, a म्हणजे त्रिज्या): सुमारे 1 मिलिमीटर. केंद्रापासून 12 मीटरवर अर्धा. सह्याद्रीचा चांगला बेसॉल्ट एवढा ताठ असतो. सरकणं किरकोळ वाटलं तरी भिंतीलगत दगडाला गोल दाबणारा ताण मूळ दाबाच्या दुप्पट होतो, आणि तुकडे सुटायचे तर सुरुवात तिथूनच होते. खरा बोगदा वर कमानीसारखा आणि खाली रस्त्याला सपाट असतो, म्हणून कोपऱ्यांचा ताण या सूत्रात सापडत नाही. बोगद्याच्या तोंडाशीही ते लागू नाही, कारण तिथे वर दगडच कमी असतो.

विद्यार्थ्यांची चूक होते ती समीकरण ओळखण्यात. r²u″ + u′ − u = 0 घ्या. दिसायला तसंच, पण u′ सोबतचा r गायब. r^m ठेवा, मधल्या पदात r^(m−1) उरतो आणि तो काही केल्या जात नाही. घात जुळत नसतील तर ही युक्ती सोडायची.

दुसरी अडचण दोन्ही मुळं सारखी आली की येते. त्यासाठी बोगद्यातून शेतात येऊ. सतत उपसा चालू असलेल्या बोअरवेलभोवती पाण्याची पातळी h स्थिरावली, की एका सोप्या मॉडेलमध्ये r²h″ + r h′ = 0 मिळतं. इथे m² = 0, म्हणजे m दोन्ही वेळा शून्य. r⁰ म्हणजे नुसता आकडा. त्याचा अर्थ पातळी सगळीकडे सारखी, मग पाणी बोअरकडे वाहील कसं? दुसरं उत्तर log r असतं. पडताळायला सोपं आहे: h′ = 1/r, h″ = −1/r², बेरीज शून्य. म्हणून h = A + B log r.

बोगद्याचा परिणाम पटकन विरतो, log मात्र रेंगाळतो. बोअरपासून 1 ते 10 मीटरमध्ये पातळी जितकी चढते, तितकीच चढायला पुढे 10 ते 100 मीटर लागतात. शेजाऱ्याच्या पंपामुळे आपल्या बोअरचं पाणी खाली जातं, त्या भांडणामागे हा log आहे. आणि log कुठेच थांबत नसल्यामुळे बोगद्यासारखं ‘लांबवर शून्य’ म्हणता येत नाही, उपशाचा परिणाम कुठे संपतो ते अंतर आपल्यालाच ठरवून द्यावं लागतं. मावळात ते ठरवणं अवघड जातं, कारण बेसॉल्टमध्ये पाणी सगळीकडून सारखं न येता भेगांमधून येतं. पन्नास मीटरवरची बोअर कोरडी पडते आणि त्याहून लांबची भरलेली राहते.