भाग पस्तिसावा: घोडे जातात कुठे? प्रोनीचा ब्रेक, घाटातला खेकडा आणि मामांची जीप

आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण सुरुवात घरच्या भांडणापासून करतो.

कामशेतच्या आमच्या मामांनी जीपचं इंजिन उतरवून पूर्ण बांधून घेतलं. गाडीच्या पुस्तकात ताकद लिहिलीय 100 हॉर्सपॉवर. काम झाल्यावर मामांनी गाडी पुण्याला नेऊन डायनोवर चढवली. डायनो म्हणजे जमिनीत बसवलेले लोखंडी रोलर. गाडीची मागची चाकं त्यावर फिरतात आणि मशीन ताकद मोजतं. आकडा आला 74. मामा तडक मिस्त्रींच्या दारात. "26 घोडे कुठं गेले? ते दाखव, मग उरलेले पैसे ने." मिस्त्री म्हणाले, "मामा, तो आकडा चाकाचा आहे, इंजिनाचा नाही." मामांना वाटलं, हा पळवाट काढतोय.

आता गंमत अशी, की हे भांडण दोनशे वर्षं जुनं आहे.

हॉर्सपॉवर हे माप जेम्स वॅटनं रूढ केलं: एका मिनिटात 33,000 फूट-पौंड काम. पण माप ठरलं म्हणजे मोजता आलं असं नाही. वाफेच्या इंजिनात सिलिंडरमधल्या दाबावरून ताकद काढायचे. ती झाली पिस्टनला मिळालेली ताकद. पिस्टनपासून फिरत्या दांड्यापर्यंत येताना काही घासण्यात जायचीच. दांड्यावर खरंच किती उरली, हे सांगणारं साधं साधन 1821 साली फ्रेंच इंजिनिअर गास्पार द प्रोनी यांनी केलं. फिरत्या दांड्याला लाकडी ठोकळ्यांनी दोन्ही बाजूंनी आवळायचं, ठोकळ्यांना लांब दांडी जोडायची आणि दांडीच्या टोकाला वजनं लावायची. दांडी आडवी स्थिर राहिली, की वजन, दांडीची लांबी आणि फेरे यांच्या गुणाकारातून ताकद निघते. आवळणारे ठोकळे म्हणजे ब्रेकच. म्हणून ती ‘ब्रेक हॉर्सपॉवर’. गाडी थांबवायच्या ब्रेकशी त्याचा काही संबंध नाही. पुस्तकातला 100 चा आकडा या घराण्यातला: इंजिन टेस्ट-बेडवर ठेवून त्याच्या दांड्यावर मोजलेला. त्यात गिअरबॉक्स नाही, चाक नाही.

मग चाकापर्यंत काय होतं? आपल्या बोरघाटाकडे बघा. 1863 साली इथून रेल्वे वर चढली, तेव्हापासून सदतिसाला एक हा चढ इंजिनांची परीक्षा घेतोय. 500 टनांची गाडी ताशी 25 किलोमीटरनं चढवायची, तर नुसतं वजन वर उचलायलाच सव्वाबाराशे हॉर्सपॉवर लागते. आणि ती लागते रुळावर, मोटरमध्ये नाही.

1928 च्या सुमारास जी.आय.पी. रेल्वेनं मालगाड्यांसाठी विजेची इंजिनं आणली. रेल्वेवाले त्यांना ‘खेकडा’ म्हणत. चार मोटरी मिळून 2600 हॉर्सपॉवर. पण मोटर थेट चाकाला जोडलेली नव्हती. मोटर गिअरमधून एका आडव्या दांड्याला फिरवायची, आणि त्या दांड्यावरून बाहेरचे लोखंडी दांडे चाकांना ढकलायचे. प्रत्येक गिअर, प्रत्येक बेअरिंग, प्रत्येक दांड्याची खीळ आपला थोडा वाटा खाणार. दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात एक खेकडा ठेवलाय. ते दांडे बघितले की ताकद किती हातांतून जाते ते डोळ्यांना दिसतं. पुढच्या इंजिनांत मोटर एकेका आसालाच टांगली आणि मधले हे हात गेले.

मामांच्या जीपमध्येही तीच साखळी आहे, फक्त झाकलेली. इंजिनातून ताकद गिअरबॉक्समध्ये येते. तिथं दात एकमेकांवर घासतात आणि गिअर तेल घुसळतात. मग लांब शाफ्टमधून ती मागच्या आसावर जाते. तिथं क्राउन-पिनियन तिला काटकोनात वळवतात. त्यांचे दात नुसते एकमेकांवर लोळत नाहीत, आडवे सरकतातही, म्हणून तिथलं तेल चांगलंच तापतं. शेवटी टायर. रोलरवर टायर सतत दबतो आणि सुटतो, त्यात रबर गरम होतं. म्हणजे हरवलेले घोडे कुठं गेले? उष्णतेत. ट्रिप संपल्यावर आसाच्या गोळ्याला हात लावून बघा.

मिस्त्री स्वतः मामांबरोबर परत डायनोवर गेले. मीही होतो. त्यांनी ऑपरेटरला सांगितलं, की पूर्ण वेगाला पोचल्यावर क्लच दाबा, गाडी गिअरमध्येच ठेवा आणि रोलर आपोआप मंदावू द्या. इंजिन सुटलेलं असतं, त्यामुळे आता रोलरना अडवतात फक्त टायर, आस आणि गिअरबॉक्स. रोलर किती झपाट्यानं मंदावतात यावरून मशीन ती अडवणूक हॉर्सपॉवरमध्ये सांगतं. आकडा आला 19. मिस्त्रींच्या कपाळाला आठी. एवढी नको होती. मागचं चाक उचलून हातानं फिरवलं, तर डावं जड. ड्रम चटका बसेल इतका तापलेला. ब्रेकचा शू अडकून घासत होता!

शू मोकळा करून परत चाचणी घेतली. चाकावर 81, अडवणूक 12. आता बेरीज बघा: आधी 74 आणि 19 म्हणजे 93, नंतर 81 आणि 12, तेही 93. बेरीज हलली नाही, म्हणजे इंजिन पहिल्यापासून तेवढंच देत होतं.

मामा म्हणाले, "तरी सात राहिलेच की!" प्रश्न बरोबर होता. क्लच दाबल्यावर दातांवर इंजिनाचा जोर नसतो. जोर असताना दात जे जास्त घासतात, ते या चाचणीत दिसतच नाही. मागच्या आसाच्या गाडीत त्यासाठी साताचा अंदाज अवास्तव नाही. पण तो अंदाज आहे, मोजमाप नाही. रोलरवरच्या मशीननं इंजिनाचा आकडा सांगितला, तर त्यात असा अंदाज मिसळलेला असतो.

म्हणूनच ‘पंधरा टक्के लॉस धरा’ हा नाक्यावरचा नियम मला पटत नाही. या जीपचा 12 चा भाग वेग, तेल आणि टायरवर अवलंबून आहे, इंजिनाच्या जोरावर फारसा नाही. उद्या इंजिन 150 चं केलं, तरी त्याच वेगाला तो साधारण 12 च राहील. जोराबरोबर वाढेल तो सातचा भाग, तो साडेदहा होईल. एकूण साडेबावीस. आजचे 19 टक्के तसेच लावले असते, तर साडेअठ्ठावीस आले असते. म्हणजे सहा घोडे नुसते कागदावर.

तुम्ही गाडी डायनोवर नेणार असाल, तर कामाआधी आणि कामानंतर त्याच मशीनवर, त्याच गिअरमध्ये, टायरमध्ये तेवढीच हवा ठेवून, तेल गरम झाल्यावर मोजा. गाडी बांधायचे पट्टेही सारखेच आवळा, कारण जास्त आवळले की टायर जास्त दबतो आणि आकडा उतरतो. दोन आकड्यांमधला फरक खरा. पुस्तकाशी तुलना केली की भांडण होतं.

मामांनी पैसे तिथंच दिले. वर ब्रेकच्या कामाचे विचारले. मिस्त्री म्हणाले, "ते राहू द्या. खरं तर गाडी देताना चाक मीच फिरवून बघायला हवं होतं."

भेटू पुढच्या भागात.