कोहॉर्ट तक्ता

एकाच महिन्यात पहिली खरेदी केलेल्या ग्राहकांच्या तुकडीतले किती जण पुढच्या प्रत्येक महिन्यात परत आले, हे दाखवणारा तक्ता. एका ओळीत एक तुकडी असते आणि रकाने तुकडीचे वय सांगतात. टक्केवारी कायम तुकडीच्या मूळ संख्येवर काढतात. ओळ आडवी वाचली की गळती कळते; रकाना उभा वाचला की एकाच वयाच्या नव्या-जुन्या तुकड्यांची तुलना होते. तिरप्या रेषेत एकाच कॅलेंडर महिन्याचे आकडे येतात. उत्पादनातल्या बदलाचा निवाडा करताना ही तिरपी रेषा फार मोलाची असते आणि नेमकी तीच वाचायची राहून जाते.

समजा, किराणा घरपोच देणाऱ्या एका ॲपने १ एप्रिलपासून सर्वच ग्राहकांना ‘मागचीच ऑर्डर पुन्हा’ हे बटण दिले. ऑगस्टच्या सुरुवातीला तक्ता असा दिसतो:

| तुकडी | ग्राहक | महिना १ | महिना २ | महिना ३ |
|---|---|---|---|---|
| जानेवारी | १९०० | ४०% | ३१% | २७% |
| फेब्रुवारी | १९५० | ४१% | ३०% | २६% |
| मार्च | २००० | ३९% | ३१% | २७% |
| एप्रिल | ११०० | ४७% | ३८% | ३४% |

शेवटचा रकाना पाहून बटणाने निष्ठा वाढवली असे वाटते. पण बटण जुन्या ग्राहकांनाही मिळाले होते. त्याचा गुण आला असता तर एप्रिलमध्ये पडणारे आकडे, म्हणजे फेब्रुवारी तुकडीचा दुसरा महिना आणि मार्च तुकडीचा पहिला महिना, आधीच्या तुकड्यांपेक्षा वर गेले असते. ते जागचे हललेले नाहीत.

उत्तर ‘ग्राहक’ या रकान्यात आहे. पहिल्या ऑर्डरवरची सवलत मार्चअखेर बंद झाली आणि तुकडी जवळपास निम्मी झाली. मार्चच्या तुकडीचे दोन भाग पाडले तर सवलत न घेतलेल्या ९०० जणांपैकी ३०६ तिसऱ्या महिन्यात टिकले, म्हणजे ३४ टक्केच. सवलतवाल्या ११०० जणांपैकी २३४, म्हणजे सुमारे २१ टक्के. ग्राहकांची सरमिसळ बदलली, वागणूक नाही. शिवाय मार्चचे एकूण ५४० ग्राहक टिकले, एप्रिलचे ३७४. टक्का वाढला, टिकलेली माणसे घटली.

बदल फक्त नोंदणीच्या पायऱ्यांत असता तर मात्र जुन्या तुकड्या हलण्याचे कारणच नव्हते. म्हणून बदल कोणापर्यंत पोचला हे आधी ठरवावे लागते. चालू महिन्याची तिरपी रेषा अपुरी असल्यामुळे नेहमी पडलेली दिसते, ती वगळावी. १०० जणांच्या तुकडीत ३४ टक्क्यांचा आकडा निव्वळ योगायोगाने नऊएक टक्के-बिंदू इकडेतिकडे होऊ शकतो, ११०० जणांत सुमारे तीन.

तुकडीचे भाग पाडूनही शंका उरतेच, कारण सवलत घेणारे आणि न घेणारे मुळात वेगळ्या स्वभावाचे असतात. एकाच महिन्याच्या तुकडीतल्या निम्म्या ग्राहकांना चिठ्ठ्या टाकून बटण दिले आणि दोन्ही भागांच्या ओळी वेगळ्या मांडल्या, तरच फरकाचे श्रेय बटणाला देता येते.